साडेचारचं पाणी

“सर, तुम्ही रोज तळ्याला ताप आणता, तर त्याला गोळी कोण देतं?”

प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या वर्गातल्या टॉवरने रचला, चष्मिसने त्यात ‘रोज’ घातला आणि विचारायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. विचारला तर टॉवर महिनाभर माझं दप्तर उचलणार होती. नाही विचारला तर मी पुन्हा ‘मुकी’. गेल्या वर्षापर्यंत वर्गात मला याच नावाने ओळखायचे. हजेरीला मी नुसता हात वर करायचे, ‘हजर’ म्हणायचीही भीती वाटायची. मग यंदा वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी आजारी पडली, बाईंनी तिच्या जागी मला ढकललं, आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडातून आवाज निघाला. तो मग थांबेचना. आता मला ‘भोंगा’ म्हणतात. मी ते नाव पदकासारखं मिरवायचे.

तर आमची नववीची तुकडी वीजकेंद्र बघायला गेली होती. मोठे साहेब स्वतः माहिती देत होते. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, वीज होते. पण काम झाल्यावर त्या वाफेचं पुन्हा पाणी करावं लागतं, म्हणून तिला थंड करायचं. त्यासाठी तळ्याचं पाणी हजारो बारीक नळ्यांमधून खेळवतात. नळ्यांच्या आत तळं, बाहेर वाफ. दोघांची भेट होत नाही, फक्त वाफेची उष्णता तळ्याच्या पाण्यात जाते.

“त्यामुळे तळ्याचं पाणी येतं तसंच परत जातं,” साहेब म्हणाले. “एक थेंब घाण होत नाही. थोडं कोमट होतं, एवढंच.”

तेवढ्यात मी तो प्रश्न टाकला. सगळा वर्ग फिसकन हसला. बाई माझ्याकडे अशा बघू लागल्या की दप्तर काय, मला स्वतःलाच उचलून न्यायला कुणीतरी लागलं असतं. मागे पांढऱ्या कोटातली प्रयोगशाळेची माणसं उभी होती. त्यात माझे बाबा होते. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

साहेब मात्र खूश. “कुणाची ही मुलगी?”

“माझी, सर,” बाबा म्हणाले.

“काय सांगता? तुमच्या घरात बोलणारं माणूस आहे?”

आता मोठी माणसंही हसली. बाबाही हसले, उशिराने.

“हे बघ बाळा,” साहेब म्हणाले, “बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्यापेक्षा सात अंशांनी गरम असतं. ते नियमात बसतं. माशांना लागतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. तो आम्ही रोज मोजतो. तुझे बाबाच मोजतात. तुला शंका असेल तर तूच मोज की. लॅबमधला जुना मीटर घेऊन जा आणि विज्ञान प्रदर्शनात मांड.”

टॉवरने महिनाभर दप्तर उचललं. मी मीटर उचलला.

मीटर म्हणजे एक पिवळा डबा, त्याला लांब वायर आणि वायरच्या टोकाला अंगठ्याएवढा प्रोब. प्रोब पाण्यात सोडून हळूहळू हलवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. एक आकडा तापमानाचा, दुसरा ऑक्सिजनचा, एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते. बाबांनी दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. त्यांची शिकवायची पद्धतच तशी, बोलणं कमी आणि हात पुढे.

मोजायला जागा कुठली, हा प्रश्नच नव्हता. माझा मामा तळ्यात पिंजरे लावून मासे वाढवतो. मोठ्या निळ्या पिंपांवर तरंगणारी चौकोनी चौकट, तिच्याखाली पाण्यात सोडलेली जाळ्याची पिशवी, आणि आत कार्प मासे. असे बारा पिंजरे, वीजकेंद्राचा गरम कालवा तळ्याला मिळतो त्याच्या तोंडाशी. लोक त्याला वेडा म्हणायचे. पण मामाचं गणित साधं होतं. थंडीत सगळ्या तळ्यातले मासे गारठून खाणं कमी करतात, कालव्याच्या तोंडाशी मात्र ऊब असते, तिथले मासे खातात आणि वाढतात. उन्हाळा चढू लागला की तो मोटरबोटीने एकेक पिंजरा ओढत पलीकडच्या थंड खाडीसारख्या वळणावर न्यायचा. तिथे कालव्याचं पाणी पोचत नाही. चार दिवसांचं काम. ओढताना जाळी ताणली जायची, मासे एकमेकांवर आपटायचे, शे-दोनशे मरायचे. ते दरवर्षी त्याच्या जिवावर यायचं.

“लग्न का नाही केलंस?” असं आई त्याला विचारायची, तेव्हा तो म्हणायचा, “ताई, बारा घरं सांभाळतोय, तेरावं कशाला?”

शाळा सव्वाचारला सुटायची. सायकल हाणत मी साडेचारपर्यंत त्याच्या धक्क्यावर. मग दोघं छोट्या होडीतून पिंजऱ्यांपर्यंत. मी प्रोब सोडायचे, मामा वहीत आकडा लिहायचा, कारण माझे हात ओले. सहा आठवडे आम्ही एक दिवस चुकवला नाही. ऊन वाढत गेलं तसं तापमान चढत गेलं, तीस, बत्तीस, चौतीस. मला वाटत होतं ऑक्सिजन खाली येईल. पुस्तकात तसंच होतं: पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पण आकडा उलट वर चालला होता. एके दिवशी मीटर म्हणाला, नऊ पूर्णांक एक. बटण दाबलं की तो टक्केही दाखवायचा. पाण्यात मावायला हवा त्याच्या एकशे अठ्ठावीस टक्के.

“शंभरपैकी एकशे अठ्ठावीस,” मी मामाला म्हणाले. “मला गणितात असे कधी मिळणार?”

मामा हसला. पण पाण्याकडे बघत राहिला. पाणी हिरवं झालं होतं, वाटाण्याच्या सालीसारखं.

त्या रात्री जेवताना मी आलेख दाखवला. आई पोस्टात नोकरी करते, दिवसभर शिक्के मारून तिचा उजवा खांदा दुखतो. ती डाव्या हाताने कागद धरून बघत होती. बाबांनी तो घेतला आणि वेळेच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. साडेचार, साडेचार, साडेचार.

“एखाद्या दिवशी पहाटेचं घे,” ते म्हणाले.

“पहाटे मी झोपलेली असते, बाबा. आणि तुम्ही तरी कुठे पहाटे घेता? तुमचं अकराचं असतं.”

ते खरंच होतं. लॅबची गाडी अकराला निघते. आधी बॉयलरच्या पाण्याची तपासणी, मग चहा, मग तळं. वीस वर्षं अकरा. बाबांच्या नोंदवहीतला एकेक आकडा सच्चा, आणि प्रत्येकासमोर अकरा.

“घेतलं तर बरं,” ते म्हणाले आणि भात कालवू लागले.

“हो, बघू,” मी म्हणाले. मी तेव्हा फार ‘बघू’ म्हणायचे. ज्याला नवीन आवाज फुटलाय त्याला दुसऱ्याचं हळू बोलणं ऐकू येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मामा घरी आला. फाटलेली जाळी घेऊन यायचा तो, आणि आई शिवून द्यायची. दोघं तळ्याकाठीच वाढलेले, आईची बोटं शिक्क्यापेक्षा जाळ्यात जास्त चालतात. जाळं दोघांच्या मांडीवर पसरलेलं, आणि मामा माझ्याशी बोलत होता.

“भाचीबाई, एक विचारू? तुझं डोकं चालतं त्यात.”

“विचार. फी नंतर सांगते.”

“यंदा ओढायचे का नाही पिंजरे? मासा किलोला आलाय, अजून पंधरा दिवसांत व्यापाऱ्याची गाडी येणार. ओढले तर मार खातील, वजन उतरेल. नाही ओढले तर...” तो थांबला. “सकाळी उजाडताना मासे वर येतात. तोंड काढून पाणी पितात, असं करून.” त्याने ओठांचा चंबू करून उघडझाप केली. मी हसले. आईही हसली. तो खरंच माशासारखा दिसत होता.

“आणि दुपारी?”

“दुपारी व्यवस्थित. खातात, पळतात. केंद्राने तिसरं युनिट चालू केल्यापासून हे असं आहे. कालव्याचा लोटच वाढलाय.”

मी आत जाऊन वही आणली. मी ती त्याच्यासमोर जाळ्यावर ठेवली, आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहते तशी उभी राहिले. “मामा, माशाला पाच मिलिग्रॅम पुरतात. तीनच्या खाली गेलं तर जीव घाबरा होतो. आपल्याकडे नऊ आहे. सहा आठवड्यांत एकदाही सातच्या खाली नाही. पाणी ठणठणीत आहे. ते मासे सकाळी किडे खायला वर येत असतील.”

“किडे?”

“किडे.”

मामाने वहीतले आकडे बघितले. निम्मे त्याच्याच अक्षरात होते. “बरं झालं,” तो म्हणाला. “घरात शास्त्रज्ञ असला की असं बरं पडतं.” त्याने पिंजरे ओढले नाहीत.

बाबा तेव्हा बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असेल का, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला विचारत होते.

मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं झाकण घातल्यासारखं तीन दिवस. घराघरात पंखे आणि एसी रात्रंदिवस फिरत होते, त्यामुळे केंद्राची तिन्ही युनिटं पूर्ण जोरात. कालव्यातून पाणी धो धो पडत होतं. दुसऱ्या दिवशी माझा आकडा पाच आला. मी त्याच्यापुढे ‘ढग?’ असं लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा म्हणून गेलेच नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेसहाला आईचा फोन वाजला. मामा काहीतरी बोलत होता. आई एवढंच म्हणाली, “किती?” मग म्हणाली, “बाळ्या, तू खाली बस. आधी बस बघू.”

आम्ही तिघं गेलो. मी लांबून पाहिलं तर पिंजऱ्यांत कुणीतरी पांढरे कपडे वाळत घातल्यासारखं दिसत होतं. जवळ गेल्यावर ती पोटं होती. बाराच्या बारा पिंजऱ्यांत, एकाला एक चिकटून, पाणी दिसत नव्हतं. पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या तळ्यात, एकही मेलेला मासा नव्हता. ज्यांना जाता येत होतं ते गेले होते.

काही अजून जिवंत होते. ते पृष्ठभागाला टेकून ओठ उघडत होते, मिटत होते. मामाने रविवारी करून दाखवलं होतं तसंच, अगदी तसंच. पण आता त्याला आवाज होता. शेकडो तोंडांचा बारीक चट् चट् आवाज. किडे खाताना असा आवाज येतो की नाही, मला माहीत नाही. मी कधी पाहिलंच नव्हतं.

मामा धक्क्यावर बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली. मला बघून त्याने जागा करून दिली. मी बसले नाही, मीटर घेऊन होडीत चढले. आई नको म्हणत होती. उजाडून गेलं होतं, साडेसहा झाले होते, तरी आकडा एक पूर्णांक चार. मी प्रोब हलवत राहिले. तो हलला नाही.

मेलेले मासे काढायला दोन दिवस लागले. आसपासचे पिंजरेवाले आले, कुणी न बोलवता. टोपल्या भरायच्या, काठावर ओतायच्या, खड्ड्यात टाकायच्या, वर चुना. आई दोन दिवस पोस्टात गेली नाही. शिवलेलं जाळं तिने स्वतःच्या हाताने कापलं, कारण मासे त्यात अडकून फुगले होते आणि निघत नव्हते. मी टोपल्या धरत होते. कुणी मला काही म्हणालं नाही. ते जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मामाजवळ गेले.

“मामा, मी चुकले.”

तो हात धूत होता. साबण तिसऱ्यांदा लावत होता, वास जात नव्हता. “मासे तोंड काढताना मी बघितले होते गं,” तो म्हणाला. “वीस वर्षं बघतोय. मासा काय म्हणतो ते मला कळतं. पण तुझी वही बघितली आणि डोळ्यांना म्हटलं, गप्प बसा. तुझं काय चुकलं त्यात?”

“तू ओरड ना माझ्यावर.”

“ओरडलो असतो. दम नाही राहिला.” मग त्याने ओल्या हाताने माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायचा तशी, पण नुसती धरून ठेवली.

घरी आल्यावर मी बाबांसमोर वही टाकली. “पहाटेचं घे म्हणालात. का म्हणालात ते का नाही सांगितलंत?”

बाबांनी वही उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि एक वाकडी रेघ काढली, डोंगर आणि दरी, डोंगर आणि दरी. “पाणी हिरवं का झालं? गरम पाण्यात बारीक शेवाळ झपाट्याने वाढतं. दिवसा ऊन असतं तोवर ते ऑक्सिजन तयार करतं. दुपारी चार-साडेचारला सगळ्यात जास्त.” त्यांनी डोंगराच्या टोकावर बोट ठेवलं. “एकशे अठ्ठावीस टक्के म्हणजे ठणठणीत नव्हे. तो इशारा असतो. अंधार पडला की ते तयार करणं थांबवतं आणि तेच शेवाळ ऑक्सिजन खाऊ लागतं. मासेही खातात, तळाचा गाळही खातो. गरम पाण्यात मासा श्वासही जास्त घेतो, त्याला जास्तच लागतो. रात्रभर सगळे खातात, कुणी भरत नाही. उजाडायच्या आधी इथे.” बोट दरीच्या तळाशी. “वर गरम पाण्याचा थर, तो खालच्या गार पाण्यात मिसळतही नाही. त्यात ढग आले. दिवसा भरलंच नाही.”

“आणि अकरा वाजता?”

त्यांनी रेघेवर वर चढणाऱ्या जागी टिंब काढलं. अर्ध्या चढावर. “इथे. सहा-सात. दरवेळी सहा-सात.”

“तुम्हाला हे सगळं माहीत होतं.”

“माहीत होतं. तू पहाटेचं घेतलं असतंस तर माझ्या वहीला प्रश्न विचारले गेले असते. म्हणून एकदाच सांगितलं. एकदा सांगितलं की सांगितलं असं स्वतःला म्हणता येतं.” त्यांनी पेनचं टोपण लावलं. “त्या रविवारी मी बाहेरच्या खोलीतच होतो. किडे म्हणालीस ते ऐकलं मी.”

मला त्यांच्यावर खूप ओरडायचं होतं. भोंगा ना मी. पण मी नुसता तो कागद उचलला आणि वहीत घालून ठेवला.

मासे मेल्यानंतर पाचव्या दिवशी साहेबांनी मला केंद्रात बोलावलं. खुर्ची दिली, सरबत दिलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी पहाटेचं तळं कधी बघितलेलं नाही, एवढंच. येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी नगर कार्यालयात पाहणी समिती बसणार होती, मासे कशाने मेले ते ठरवायला. केंद्राचं म्हणणं होतं की एका पिंजऱ्यात फार मासे भरले आणि खाणं जास्त टाकलं.

“तुझा प्रकल्प फार सुंदर आहे,” साहेब म्हणाले. माझे आकडे त्यांनी छापून घेतले होते, गुळगुळीत कागदावर, रंगीत आलेखासह. वर लिहिलं होतं, शालेय विद्यार्थिनीने केलेली स्वतंत्र मोजणी. “आमच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवत नाहीत. तुझ्यावर ठेवतील. सोमवारी समितीपुढे हे वाचून दाखवशील? तुझ्यासारखा आवाज आमच्यात कुणाचा नाही.”

मी कागद घेतला. सगळे आकडे बरोबर होते. माझेच होते. वेळेचा रकाना तेवढा नव्हता.

“वेळ लिहिलेली नाही, सर.”

“अगं, जागा पुरली नाही. तारीख आहे ना.”

घरी येऊन बाबांना विचारलं, “आता पहाटे मोजलं तर चालेल?” ते म्हणाले, “थोडं थांब. पाण्यात राहिलेलं मेलेलं काही कुजतानाही ऑक्सिजन खातं. लोक म्हणतील, म्हणूनच आकडा कमी. आठ दिवस जाऊ देत. आणि एका जागी मोजू नकोस. मामाच्या त्या गार वळणावरही मोज, त्याच वेळी.” हे त्यांनी तीनदा सांगितलं. मुद्दाम, मोजून.

आठ दिवसांनी मी पहाटे साडेचारला उठले. मामा होडी घेऊन तयार होता, न विचारता. आभाळ तोवर मोकळं झालं होतं, ऊन चांगलं पडत होतं. रिकाम्या पिंजऱ्यांपाशी: बत्तीस अंश, एक पूर्णांक नऊ. गार वळणावर: अठ्ठावीस अंश, पाच पूर्णांक दोन. एकच तळं, एकच पहाट. दुसऱ्या दिवशी दोन पूर्णांक एक आणि पाच पूर्णांक तीन. मामा आता आकडा लिहायच्या आधी वेळ लिहायचा.

तिसऱ्या पहाटे, म्हणजे रविवारी, धक्क्यावर गेले तर बाबा आधीच तिथे. हातात लाकडी खोका, त्यात काचेच्या छोट्या बाटल्या.

“दाजी, तुम्ही?” मामा म्हणाला. मासे मेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

“मीटर बिघडलाय असं म्हणता येतं,” बाबा म्हणाले. “बाटलीला तसं म्हणता येत नाही.”

पिंजऱ्यांपाशी त्यांनी एक बाटली पाण्याखाली आडवी धरून भरली, बुडबुडा आत जाऊ न देता. बुडबुड्यातून बाहेरचा ऑक्सिजन मिसळला तर सगळंच खोटं. दोन औषधांचे थेंब सोडले, बूच लावलं, वरखाली केली. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका बनतो, जितका जास्त तितका गडद. बाटलीत पांढुरकं काहीतरी तरंगलं, फाटलेल्या दुधासारखं. मग आम्ही वळणावर गेलो. तिथली बाटली चहाच्या रंगाची झाली.

उजाडत होतं. मामाने दोन्ही बाटल्या दोन हातांत धरून बघितल्या. त्याने पांढरी बाटली कानाशी नेली, जणू आत कुणी काही म्हणत असेल. मग बाबांना परत दिली. “एवढं सोपं होतं होय,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. बाबांचे डोळे भरून आले, आणि मी पाण्याकडे बघू लागले, कारण त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी होती. बाबांनी जागा लिहिली, तारीख लिहिली, वेळ लिहिली, पाच दहा आणि पाच पस्तीस. पुढे ‘नमुना घेणाऱ्याची सही’ असं होतं. तिथे पेन टेकवून ते थांबले. मग टोपण लावलं.

त्यांची वीस वर्षांची नोकरी आहे. केंद्राच्याच वसाहतीत आमचं घर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन धुराडी दिसतात आणि माझी शाळेची फी केंद्राकडून येते. हे सगळं मी परत येताना सायकलवर मोजत होते. मोजायची सवय लागली की कुठे थांबायचं ते कळत नाही.

घरी आई ओट्याशी होती. कापलेल्या जाळ्याचे तुकडे तिने धुऊन खिडकीत वाळत घातले होते, कशासाठी ते तिलाही माहीत नसावं. टेबलावर साहेबांचा गुळगुळीत कागद. बाबांनी खोका त्याच्या शेजारी ठेवला, आत पांढरी बाटली आणि चहाची बाटली.

“चहा घेता?” आई म्हणाली.

“आई, जरा बस,” मी म्हणाले. “बाबा, तुम्ही पण.”

दोघं बसले. मी उभी राहिले, पण या वेळी स्पर्धेतल्यासारखी नाही. जुनी मुकी घशात बसली होती. मी तिला सरकायला सांगितलं.

“मी उद्या समितीपुढे जाणार. साहेबांचा कागद वाचणार नाही, माझा वाचणार. त्यात आधी लिहिलंय की दुपारचे आकडे माझे आहेत, चुकीच्या वेळी घेतलेले आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून मी मामाला पिंजरे ओढू दिले नाहीत. त्याच्यानंतर पहाटेचे आकडे, दोन्ही जागांचे. बाबा, बाटल्यांवर सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी मागणार नाही. सही नसली तरी मी त्या नेणार. आणि परवापासून वर्षभर रोज पहाटे तळ्यावर जाणार, सुट्टी असो, परीक्षा असो. मामाला मी सांगितलंय. आता तुम्हाला सांगतेय, विचारत नाहीये.”